हॉलमधला ४के टीव्ही आणि मध्यम पीसी: नाशिकच्या एका घरातलं प्रकरण

मे महिन्यात नाशिकला दादाकडे गेले, तेव्हा घरात एकच वाद चालू होता. भाच्याच्या पीसीला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं की नाही? पीसी आतापर्यंत त्याच्या खोलीत होता, २४ इंची फुल एचडी मॉनिटरला जोडलेला, आणि तिथे त्याची काही तक्रार नव्हती. सुट्टी लागल्यावर त्याने तो हॉलमधल्या ५५ इंची ४के टीव्हीला जोडला आणि सगळं बिघडलं. गाडी चालवताना चित्र धक्के खातं, अक्षरं पुसट दिसतात, बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते. ओळखीच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता, "४केला हे कार्ड पुरणार नाही, बदला." भाच्याने मला विचारलं, "आत्या, खरंच नाही का चालणार?" त्याच्या पैशांचा आणि सुट्टीचा प्रश्न होता, म्हणून दोन दिवस बसून नीट मोजमाप केलं.

पीसी असा होता: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड. आजच्या हिशोबाने मध्यम, किंवा त्याहूनही थोडा खालचा. टीव्ही ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, आणि व्हीआरआर, म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे तो दर बदलण्याची सोय, नसलेला. सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर. मोजण्यासाठी आम्ही सायबरपंक २०७७ हा गेम निवडला, कारण भाचा तोच खेळत होता, तो कार्डाला चांगलाच जड आहे, आणि त्यात स्वतःची चाचणी असल्याने दर वेळी तंतोतंत तोच प्रसंग चालवता येतो.

तीन तक्रारी एकाच वेळी आल्या की माणूस तिन्हींचं खापर एकाच गोष्टीवर फोडतो. इथे मात्र तिन्हींची कारणं वेगवेगळी होती, आणि त्यातल्या दोन तक्रारींचा कार्डाशी काहीही संबंध नव्हता.

आधी तार

अक्षरं पुसट दिसण्यापासून सुरुवात केली. भाच्याने सांगितलं की पहिल्या दिवशी विंडोजने ४के दाखवलं, पण ३० हर्ट्झवर. माऊसचा बाणसुद्धा उड्या मारत होता. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झ निवडलं, बाण सुरळीत झाला, पण तेव्हापासून अक्षरं पुसट. त्याच्या मते हे दोन वेगळे बिघाड होते. प्रत्यक्षात दोन्हींचं मूळ एकच होतं.

४केचं चित्र ३८४० × २१६० ठिपक्यांचं असतं, पण तारेतून जाताना त्याच्या कडेला मोकळी जागाही धरली जाते, म्हणून हिशोब ४४०० × २२५० असा होतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग २४ बिटांत आणि वर तारेच्या सांकेतिक भाषेचा भार धरला की सेकंदाला सुमारे १७.८ गिगाबिट होतात. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ आहे, म्हणजे जेमतेम बसतं. त्याआधीच्या १.४ ची मर्यादा १०.२ आहे, तिथे बसतच नाही. मग दोनच वाटा उरतात: चित्रं निम्मी करून ३० हर्ट्झवर यायचं, नाहीतर ६० ठेवून रंगाची माहिती कापायची. दुसऱ्या वाटेला ४:२:० म्हणतात. त्यात चार ठिपक्यांना मिळून एकच रंग जातो, उजेड-अंधार मात्र प्रत्येक ठिपक्याचा वेगळा राहतो. सिनेमात हे जाणवत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांची मात्र वाट लागते, आणि या गेममध्ये तशी अक्षरं भरपूर आहेत.

टीव्ही ४के असून पोर्ट जुन्या मर्यादेत का अडकला होता? कारण बरेच टीव्ही कारखान्यातून निघताना प्रत्येक एचडीएमआय पोर्ट जुन्या उपकरणांना चालेल अशा सावध स्थितीत ठेवतात, आणि पूर्ण क्षमता त्या-त्या पोर्टसाठी हाताने चालू करावी लागते. या सेटिंगला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय: कुठे `HDMI Ultra HD Deep Colour`, कुठे `Input Signal Plus`, कुठे `Enhanced format`. आम्ही ते चालू केलं, टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टचं नाव बदलून `PC` ठेवलं (काही टीव्ही हे नाव दिल्याशिवाय पूर्ण रंग दाखवतच नाहीत), आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार `RGB` केला. लगेच पडदा दर मिनिटाला एकदा काळा होऊन परत येऊ लागला आणि मधूनच पांढरे ठिपके चमकू लागले. ही तार कमी पडल्याची खूण. तार जुन्या सेट-टॉप बॉक्सची होती. `Premium High Speed` असा शिक्का असलेली नवी तार आणली आणि तो त्रास संपला. अक्षरं इतकी धारदार झाली की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

मग हाताचा उशीर

भाचा म्हणत होता की बटण दाबल्यावर माणूस "विचार करून" उडी मारतो. हे मोजायला खास यंत्र लागत नाही. मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन घ्यायचं, चौकटीत अंगठा आणि पडदा दोन्ही हवेत. मग अंगठा दाबला गेल्यापासून पडद्यावर बदल होईपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. हे आम्ही गेमच्या मेनूत केलं, कारण तिथे कार्डावर भार नसतो आणि उशीर कुणाचा ते स्पष्ट होतं. मोजणी ३४ चित्रांची आली, म्हणजे सुमारे १४२ मिलिसेकंद. टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर १५ चित्रं, सुमारे ६२ मिलिसेकंद.

मधले ८० मिलिसेकंद टीव्ही स्वतः खात होता. चित्र साफ करणं, उजळणं, आणि मुख्य म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये तिसरं काल्पनिक चित्र भरणं, या सगळ्यासाठी तो चित्रं अडवून ठेवतो. क्रिकेटचा सामना बघताना हे चालतं, कारण तिथे आपल्या हातात काही नसतं. खेळताना मात्र हात आणि डोळा यांची गाठ सुटते. शिवाय ही भरणी अजून एक फसवणूक करत होती: कार्ड अडखळलं तरी टीव्ही मधली चित्रं रंगवून ते झाकायचा, आणि कधी झाकणं जमायचं नाही. म्हणून धक्के अनियमित वाटत होते. गेम मोडमध्ये ती भरणी बंद झाली आणि पहिल्यांदा कार्डाची खरी स्थिती समोर आली.

आता कार्ड

ती स्थिती चांगली नव्हती. किरणांचा खेळ, म्हणजे रे ट्रेसिंग, बंद. बाकी सगळं `High` वर. पूर्ण ४केवर चाचणी चालवली तर सरासरी सेकंदाला २६ चित्रं. एक चित्र बनवायला ३८ मिलिसेकंद लागत होते, आणि ६० हर्ट्झचा टीव्ही दर १६.७ मिलिसेकंदाला नवीन चित्र मागत होता. दुकानदार इथवर बरोबर होता.

तेच सगळं फुल एचडीवर चालवलं तर ७६ चित्रं, म्हणजे एका चित्राला १३ मिलिसेकंद. ४केमध्ये ठिपके चौपट आहेत, वेळ मात्र तिप्पटच वाढला, कारण दृश्याची मांडणी आणि सावल्यांच्या नकाशांसारखी काही कामं ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतात. प्रोसेसर कमी पडतोय का, ते बघायला रिझोल्यूशन ७२०पी पर्यंत खाली आणलं. चित्रं नव्वदच्या पुढे गेली. रिझोल्यूशन उतरवल्यावर आकडा वाढला, याचा अर्थ अडचण कार्डाची आहे, प्रोसेसरची नाही. तो तसाच राहिला असता तर नवीन कार्ड घेऊनही उपयोग झाला नसता. हे तपासल्याशिवाय कुणी कार्ड विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता डीएलएसएस. यात गेम लहान आकारात चित्र बनवतो आणि आधीच्या काही चित्रांतली माहिती वापरून कार्ड त्यातून ४के चित्र उभं करतं. `Quality` मध्ये आतलं चित्र २५६० × १४४० असतं, `Performance` मध्ये १९२० × १०८०. `Quality` ने सरासरी ४४ दिली. आकडा ऐकून भाचा खूश झाला, पण खेळून बघितल्यावर म्हणाला, "अजूनही काहीतरी अडकतंय." त्याची जाण अचूक होती.

४४ चित्रं असताना टीव्ही ६० वेळा चित्र मागतो, तेव्हा काही चित्रं एकदा दिसतात आणि काही दोनदा. एक १६.७ मिलिसेकंद टिकतं, पुढचंही तेवढंच, आणि त्याच्या पुढचं ३३.३. सरासरी बरी दिसते, पण गाडी पडद्यावर समान पावलं टाकत नाही, लंगडते. डोळ्याला सुरळीतपणा जाणवतो तो समान अंतरामुळे. म्हणूनच नेमाने येणारी ३० चित्रं लंगडणाऱ्या ४४ पेक्षा शांत वाटतात. व्हीआरआर असलेला टीव्ही चित्र तयार होईपर्यंत थांबतो, आमचा थांबत नव्हता. त्यामुळे आमच्यापुढे दोनच दर होते, ६० किंवा ३०. आणि ६० म्हणजे सरासरी ६० असून भागत नाही. सर्वांत जड क्षणीसुद्धा चित्र १६.७ मिलिसेकंदांच्या आत तयार हवं, म्हणजे मोकळं सोडल्यावर सरासरी सत्तरीच्या पुढे जायला हवी.

`Performance` वर आकडा ५९ आला, १७ मिलिसेकंद. आतलं चित्र फुल एचडी असून १३ का नाहीत? कारण ४के उभं करण्याचं काम फुकट होत नाही, आणि त्यानंतरचे काही परिणाम व पडद्यावरची अक्षरं, नकाशा हे सगळं पूर्ण ४केमध्येच रंगवलं जातं. त्याला आमच्या कार्डावर चार मिलिसेकंद जात होते. उरलेली कपात सेटिंगमधून करायची होती.

एकेक सेटिंग उतरवून चाचणी घेत गेलो. `Screen Space Reflections Quality` खाली आणल्याने सर्वांत मोठा फरक पडला, त्याखालोखाल `Volumetric Fog Resolution` आणि `Volumetric Cloud Quality`. या तिघांना `Low` किंवा `Medium` केलं. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं, मात्र `High` च ठेवले. त्यांना वेळ लागत नाही, मेमरी लागते, आणि १२ जीबीपैकी गेम आठ-साडेआठ वापरत होता. हेच कार्ड आठ जीबीचं असतं तर टेक्स्चर उतरवावे लागले असते. मेमरी भरली की कार्ड सामान्य रॅमकडे धाव घेतं, आणि मग सरासरी ठीक असूनही मान वळवली की झटका बसतो. एवढं केल्यावर मोकळी सरासरी ७४ आली, म्हणजे साडेतेरा मिलिसेकंद, आणि सर्वांत संथ एक टक्का चित्रंही ६१ च्या दराने येत होती. व्ही-सिंक, म्हणजे चित्रं टीव्हीच्या ठेक्याशी जुळवणारी सोय, चालू करून ६० वर बांधलं. गाडी पहिल्यांदा सरळ धावली.

मग ते ४के आहे का?

दादाचा प्रश्न रास्त होता: "आत फुल एचडीच बनत असेल तर मी ४के टीव्हीचे पैसे कशाला दिले?" याचं उत्तर सोफ्याच्या अंतरात आहे. ५५ इंची पडद्यावर ४केचा एक ठिपका ०.३२ मिलिमीटरचा, फुल एचडीचा ०.६३ मिलिमीटरचा. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते, आणि नऊ फुटांवर तो होतो ०.८ मिलिमीटर. म्हणजे त्या सोफ्यावरून फुल एचडीचा ठिपकाही सुटा दिसत नाही. दिसते ती तारांची, जाळ्यांची आणि झाडांच्या पानांची लुकलुक, कारण हलत्या चित्रात कडा ठिपक्यांवरून उड्या मारतात. ती लुकलुक डीएलएसएस बऱ्यापैकी दाबतं. टीव्हीला नुसतं फुल एचडी पाठवलं तर ती राहते आणि अक्षरंही मऊ पडतात. दोन्ही करून बघितलं, फरक स्पष्ट होता.

`Quality` आणि `Performance` मधला फरक ओळखता येतो का, हे दादालाच विचारलं. भाच्याने त्याला न सांगता दहा वेळा बदलाबदल केली. सोफ्यावरून दादाने सहा वेळा बरोबर सांगितलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. चार फुटांवर खुर्ची ओढून बसल्यावर दहापैकी दहा. दूरच्या कुंपणाची जाळी आणि चालत्या माणसाच्या मागे राहणारी पुसट रेघ बघून त्याने ओळखलं. टेबलावरच्या मॉनिटरला नाक लावून खेळणाऱ्याला मी `Performance` सुचवणार नाही. या हॉलमध्ये ते योग्य होतं.

वीस मिनिटांनंतर

इथे आम्ही थांबलो असतो, पण रात्री भाच्याचा आवाज आला, "आत्या, परत अडकायला लागलं." पहिली वीस मिनिटं छान, मग अधूनमधून झटका. वेळ गेल्यावर बिघडतं म्हटल्यावर उष्णतेवर संशय आला. खेळ चालू ठेवून मागे ही आज्ञा चालवली:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,clocks.sm,power.draw --format=csv -l 2
```

दर दोन सेकंदांनी एक ओळ येते. सुरुवातीला ६८ अंश आणि १८६० मेगाहर्ट्झ. पंचवीस मिनिटांनी ८३ अंश, आणि कार्डाचा वेग १६५० वर घसरलेला. या कार्डाची ठरवलेली तापमान मर्यादा ८३ आहे. ती गाठली की ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. वेग अकरा टक्क्यांनी घटला की साडेतेराचे पंधरा मिलिसेकंद होतात, आणि जड प्रसंगी १६.७ च्या वर जातात. आम्ही राखलेली मोकळीक उष्णतेने खाल्ली होती.

खोलीत टेबलाखाली उघड्यावर असलेला पीसी हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या कप्प्यात गेला होता, मागे प्लायवूड, पुढे काचेचं दार. कार्ड १७० वॅटचं, त्यात प्रोसेसर आणि बाकीचं. मे महिन्यातल्या नाशिकमध्ये त्या बंद कप्प्यात दोन-अडीचशे वॅटची शेगडीच पेटलेली होती. दार काढलं, मागच्या प्लायला सुताराकडून हातभर चौकोन कापून घेतला आणि पीसी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. ६० वर बांधल्याने कार्ड पूर्ण ताकदीने पळतही नव्हतं. दोन तासांनंतरचं तापमान ७३ राहिलं.

जे जमलं नाही

रे ट्रेसिंग चालू करून याच कार्डावर ६० ठेवणं जमलं नाही. `Performance` वरही तिशीच्या आसपास आलं, ते आम्ही सोडून दिलं. मधली चित्रं कार्डानेच रचण्याची सोय, फ्रेम जनरेशन, या गेममध्ये एएमडीच्या एफएसआर तंत्राच्या रूपाने ३०६० वरही चालते, पण ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ती निरर्थक आहे. पडदा ६० च दाखवणार असेल तर खरी चित्रं ३० वर येतात, आणि हाताला उशीर ३० चाच, किंबहुना थोडा जास्तच जाणवतो. गर्दीच्या बाजारात `Crowd Density` कमी करूनही कधीकधी एखादं चित्र चुकतं. तिथे रिझोल्यूशन उतरवून फरक पडला नाही, म्हणजे त्या जागी प्रोसेसरच अपुरा आहे.

टीव्ही वेगळा असता तर हे प्रकरण बरंच सोपं झालं असतं. ४के १२० हर्ट्झवर घेणारा, व्हीआरआर असलेला टीव्ही असता तर `Quality` वरची ४४ चित्रं न लंगडता दिसली असती. ४० वर बांधून प्रत्येक चित्र नेमकं तीन वेळा दाखवता आलं असतं, २५ मिलिसेकंदांच्या समान पावलांनी, आणि वेळेच्या हिशोबात ते ३० आणि ६० च्या बरोबर मधोमध येतं. खोक्यावरचा १२० चा आकडा मात्र पुरेसा नाही, कधीकधी तो त्या काल्पनिक भरणीचाच असतो. पोर्ट ४केमध्ये १२० हर्ट्झ घेतो का, हे माहितीपत्रकात बघावं लागतं.

दादाने तेवढी ओळ डायरीत लिहून घेतली, पुढच्या टीव्हीसाठी. कार्ड घेतलं नाही. खर्च झाला तो एका तारेचा आणि सुताराच्या अर्ध्या तासाचा. काचेचं दार वहिनींनी माळ्यावर टाकलंय.